भाडं आईला, कर सरकारला

गाळा आईच्या नावावर, धंदा मुलाच्या नावावर. मुलगा आईला दरमहा भाडं देतो. मायेपोटी देत असता तर बरंच होतं, पण देतो ते सीएने सांगितलं म्हणून. भाडं धंद्याच्या खर्चात पडतं, मुलाचं उत्पन्न तेवढं कमी दिसतं आणि आईकडे दुसरं काही उत्पन्न नसल्यामुळे तिला कर लागत नाही. कुठल्याही तालुक्याच्या पेठेत फेरफटका मारा, असे गाळे ओळीने सापडतील. कुणाचा आईचा, कुणाचा वडिलांचा, कुणाचा बायकोचा. घरातला पैसा घरात आणि प्राप्तिकरात बचत.

या सुखी संसारात १० ऑक्टोबर २०२४ पासून जीएसटी राहायला आला आहे. बऱ्याच घरांना तो आल्याचं अजून कळलेलं नाही.

नियम दोन ओळींचा आहे. व्यापारी गाळा देणाऱ्याची जीएसटी नोंदणी नसेल आणि घेणाऱ्याची असेल, तर भाड्यावरचा १८ टक्के कर घेणाऱ्याने भरायचा. आईने बिल फाडायचं नाही, कर गोळा करायचा नाही, रिटर्न भरायचं नाही. हे सगळं मुलाने करायचं, म्हणजे रिव्हर्स चार्ज, आपल्या बोलीत आरसीएम. ५४ व्या जीएसटी परिषदेत सप्टेंबरमध्ये ठरलं, ऑक्टोबरमध्ये लागू झालं. आई वीस लाखांच्या आत आहे, तिला नोंदणी लागत नाही, ती मोकळी. लेकरू अडकलं.

आरसीएमच्या नावाने दुकानदार जो दचकतो त्याला इतिहास आहे. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा नोंदणी नसलेल्या कुणाकडूनही काहीही घेतलं तर घेणाऱ्याने कर भरायचा, असा सरसकट फतवा होता. दिवसाला एकूण पाच हजारांपर्यंतची सूट तेवढी होती. चहावाला, हारवाला, झेरॉक्सवाला, सगळ्यांचा हिशेब रोजच्या रोज पाच हजारांशी ताडून पाहायचा. १३ ऑक्टोबर २०१७ ला तो नियम स्थगित झाला, स्थगितीला मुदतवाढी मिळत गेल्या आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून कायद्यातलं ते कलमच बदललं. आता ९(४) हे कलम मुख्यतः घरबांधणीवाल्यांपुरतं उरलं आहे. पण आठवणी पक्क्या असतात. आजही काही दुकानांत हिशेबनीस चहाच्या बिलावर आरसीएम लावून ठेवतो आणि त्याच पानावर खाली पंचवीस हजारांचं भाडं तसंच सोडून देतो. चहावर कर नाही, भाड्यावर आहे. उलटं करणाऱ्याला दोन्हीकडून फटका.

भाड्याचा नियम ९(४) मधला नाहीच, तो ९(३) मधल्या ठरावीक सेवांच्या यादीतला आहे. तिथे पाच हजारांची सूट नाही, रकमेची खालची मर्यादाही नाही. दोन हजार भाड्याची टपरी असली आणि टपरीवाला नोंदणीकृत असला, तरी तीनशे साठ रुपये लागतात.

आता प्रश्न असा की हे एवढ्या जणांच्या नजरेतून सुटलं कसं? त्याचं उत्तर पोर्टलवरच आहे. हिशेबनीस दर महिन्याला GSTR-2B उघडतो. माल देणाऱ्यांनी आपापली बिलं चढवलेली असतात, ती तिथे दिसतात, याने खरेदीशी जुळवायची, जुळली की काम झालं. पण आई काही रिटर्न भरत नाही. तिचं बिलच नाही. त्यामुळे 2B मध्ये भाडं कधीच उगवत नाही. जे पडद्यावर दिसत नाही ते नाहीच, अशी आपल्याकडे गेली काही वर्षं समजूत होऊन बसली आहे आणि आरसीएम नेमका त्या फटीतून निसटतो. तिकडे नफातोटा पत्रकात मात्र "दुकान भाडे" असं ठसठशीत लिहिलेलं असतं, कारण प्राप्तिकरात तेच तर दाखवायचं होतं. तपासणीला आलेल्या माणसाला हुशारी लागत नाही. त्याने एका हातात नफातोटा पत्रक आणि दुसऱ्या हातात 3B धरलं की झालं.

एक हार्डवेअरचं दुकान घेऊ. काल्पनिक आहे, कुणी अंगाला लावून घेऊ नये. करार १ एप्रिल २०२५ पासून. भाडं पंचवीस हजार, महिना संपला की पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला बँकेतून आईच्या खात्यात. आई आणि गाळा दोन्ही महाराष्ट्रात, म्हणून महिन्याचा कर ४,५००, त्यात केंद्राचा २,२५० आणि राज्याचा २,२५०. वर्षभर कुणाला काही आठवलं नाही. मार्चएंडला दिवाणजींनी, ज्यांना दुकानात सगळे तात्या म्हणतात, फाईल समोर ठेवली.

"शेठ, भाड्यावर आरसीएम राहिलाय."

"कसला? आईचं भाडं आहे ते."

"आईंचंच. पण पावती दुकानाच्या नावावर आहे ना."

"आईला भाडं देतो त्यावर पण कर? मग उद्या जेवायला घालते त्यावर?"

"जेवणाचं भाडं खर्चात टाकलेलं नाही अजून."

तात्यांचं उत्तर विनोदी वाटतं, पण कायदा तिथेच आहे. मुलाने गाळा फुकट वापरला असता तर वेगळा वाद झाला असता आणि तो वकिलांच्या पोटापाण्याचा आहे. इथे भाडं ठरलं आहे, दिलं आहे, खर्चात टाकलं आहे. प्राप्तिकरासाठी खरं आणि जीएसटीसाठी घरगुती, असं एकच भाडं दोन वेशांत फिरू शकत नाही.

सगळ्यात मोठी गंमत तारखेची आहे. सेवेवरचा आरसीएम कधी देय होतो? देणाऱ्याची नोंदणी नसेल तेव्हा दोन तारखा बघायच्या: पैसे दिल्याची आणि स्वतःच स्वतःला फाडलेल्या बिलाची, म्हणजे सेल्फ-इन्व्हॉइसची. यातली जी आधी येईल ती. पैसे दिल्याची तारीखसुद्धा दुपदरी आहे. आपल्या वहीत नोंदवल्याचा दिवस किंवा बँकेतून गेल्याचा दिवस, यातला आधीचा. आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून सेल्फ-इन्व्हॉइसला मुदत लागली आहे: सेवा मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत. त्याआधी मुदत नव्हती, म्हणून ही बिलं मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बारा एकदम जन्माला यायची, सगळी एकाच शाईची.

आपल्या दुकानात ऑक्टोबरचं भाडं घ्या. ऑक्टोबर संपला, ३१ तारखेला खर्चाची नोंद करायलाच हवी. दुकान भाडे खाते नावे २५,०००, आईचे खाते जमा २५,०००. ही नोंद खर्चाची झाली. कराचा इथे अजून संबंध नाही. ५ नोव्हेंबरला पैसे गेले आणि त्याच दिवशी सेल्फ-इन्व्हॉइस फाडलं. ऑक्टोबर संपून पाचच दिवस झाले आहेत, तीस दिवसांच्या आत आहोत. दोन्ही तारखा ५ नोव्हेंबर, म्हणजे कर नोव्हेंबरचा. त्या दिवशी दुसरी नोंद: इनपुट सीजीएसटी आरसीएम नावे २,२५०, इनपुट एसजीएसटी आरसीएम नावे २,२५०, समोर आरसीएम देय सीजीएसटी जमा २,२५०, आरसीएम देय एसजीएसटी जमा २,२५०. आईच्या खात्याला यातला एक रुपयाही लागत नाही. तिला पंचवीस हजारच मिळायचे आहेत. नोव्हेंबरचं 3B २० डिसेंबरला, तेव्हा चलनाने पैसे भरले की देय खाती नावे, कॅश लेजर जमा.

हाच तात्या जरा उत्साही असता आणि त्याने ३१ ऑक्टोबरलाच सेल्फ-इन्व्हॉइस फाडून टाकलं असतं, तर आधीची तारीख ३१ ऑक्टोबर ठरली असती. कर ऑक्टोबरचा, भरणा २० नोव्हेंबरला. एक महिना आधी. कायद्याने दिलेली तीस दिवसांची मोकळीक केवळ उत्साहाच्या भरात सोडून दिली. फार मोठी रक्कम नाही, पण दहा गाळ्यांवाला असेल तर दर महिन्याला पंचेचाळीस हजार महिनाभर आधी सरकारकडे जाऊन बसतात. सॉफ्टवेअरमध्येही हीच गफलत होते. भाड्याच्या व्हाउचरलाच आरसीएमची खूण केली की खर्चाच्या तारखेलाच कर उभा राहतो. खर्चाची नोंद वेगळी आणि कराची वेगळी ठेवली तर महिना हातात राहतो.

उलट टोकाला आगाऊ चेकवाले. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सला अकरा चेक एकदम द्यायचा रिवाज आपल्याकडे जुना आहे. आपला हिशेबनीस चेकबुक संपवण्याच्या आनंदात अकराच्या अकरा चेक पहिल्याच आठवड्यात "दिले" म्हणून वहीत टाकतो, पुढच्या तारखा शेऱ्यात लिहून. मग तपासणीवाल्याने विचारलं, की वहीत पेमेंट एप्रिलमध्ये आहे, तर अकरा महिन्यांचा कर एप्रिलमध्ये का नाही? तो म्हणेल ते शेवटपर्यंत टिकेलच असं नाही, पण त्याच्या हातात आयतं कोलीत तुम्ही दिलेलं असतं. चेक द्या, पण वहीत पेमेंट म्हणून तेव्हाच चढवा जेव्हा त्याची तारीख येईल. आणि अनामत रक्कम म्हणाल, तर ती भाड्यात वळती करेपर्यंत भाडं नव्हे, तिच्यावर कर नाही. शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं "अनामतीतून कापा" असं ठरलं की मात्र त्या क्षणी ती भाडं झाली.

भाडं थकलं तर? मालकाशी भांडण आहे, सहा महिने एक पैसा दिलेला नाही, कोर्टात तारखा सुरू आहेत. पैसे गेले नाहीत म्हणजे कर नाही, असं मानून बरेच जण निवांत असतात. पण गाळा वापरला जातोय, सेवा मिळतेय, म्हणजे तीस दिवसांत सेल्फ-इन्व्हॉइस फाडायला हवं आणि ते फाडलं की कर देय. मालकाला छदाम न देता सरकारला दरमहा ४,५०० द्यायचे. निदान एवढा दिलासा आहे की १८० दिवसांत पैसे न दिल्यास क्रेडिट परत करा, हा जो नियम इतर खरेदीला आहे, तो आरसीएमला लागू नाही. भाडं थकवा, क्रेडिट शाबूत. भाडेकरूंच्या संघटनेने याचा जल्लोष करायला हरकत नाही.

आता पैसे भरण्याचं बघू, कारण तिथे दुकानदाराची खरी तक्रार सुरू होते. "माझ्या क्रेडिट लेजरमध्ये लाख रुपये पडून आहेत, त्यातून वजा करा ना." नाही होत. क्रेडिटमधून फक्त विक्रीवरचा कर भागवता येतो आणि आरसीएमचा कर त्या व्याख्येतून मुद्दाम वगळलेला आहे. तो रोखच भरायचा, चलन काढून, कॅश लेजरमधून. 3B मध्ये 3.1(d) ला देय लिहायचा आणि त्याच रिटर्नमध्ये 4(A)(3) ला तेवढंच क्रेडिट घ्यायचं. पोर्टल भरणा करताना आरसीएमची रक्कम वेगळी काढून दाखवतं आणि तिथे क्रेडिटचा रकाना उघडतच नाही.

हे रोख प्रकरण दिसतं तितकं जाचक नाही, पण ते कुणाला? हार्डवेअरवाल्याचं नोव्हेंबरचं गणित मांडू. विक्रीवरचा कर ६०,००० आणि खरेदीचं क्रेडिट ५२,०००. आरसीएम नसता तर रोख ८,००० गेले असते. आरसीएममुळे ४,५०० आधी रोख गेले, क्रेडिट ५६,५०० झालं, विक्रीच्या करापैकी ३,५०० रोख उरले. ४,५०० आणि ३,५०० मिळून पुन्हा ८,०००. खिशातून एक रुपयाही जास्त गेला नाही. फक्त एक चलन, दोन रकाने आणि तात्यांचा अर्धा तास.

पण पुढच्या महिन्यात त्याने रंगाचा मोठा साठा भरला आणि क्रेडिट ६५,००० झालं, विक्रीचा कर तोच ६०,०००. आरसीएम नसता तर रोख शून्य, क्रेडिट ५,००० शिल्लक. आता ४,५०० रोख भरायचेच आणि क्रेडिटची शिल्लक ९,५०० होऊन पडून राहणार. ज्याच्याकडे क्रेडिट साचत जातं त्याला दरमहा रोख भरायची आणि कागदावरची शिल्लक वाढताना बघायची. त्याची तक्रार रास्त आहे. बाकीच्यांची नाही.

ज्यांचं क्रेडिटच तोंडाशी येत नाही, त्यांची तक्रार तर शंभर टक्के रास्त. पाच टक्क्यांवाली खानावळ घ्या. ग्राहकाकडून पाच टक्के घ्यायचे आणि कुठलंही क्रेडिट घ्यायचं नाही, ही तिची अट. पंचवीस हजार भाड्यावरचे ४,५०० भरले की ते गेले. वर्षाला ५४,०००, सरळ भाड्याच्या खर्चात. मालकाला सांगून काही उपयोग नाही. त्याने हौसेने नोंदणी घेतली तरी तो बिलात तेच १८ टक्के लावणार. सुटकेची एक फट आहे. कंपोझिशनमध्ये असलेल्यांना भाड्याच्या या आरसीएममधून १६ जानेवारी २०२५ पासून वगळलं आहे. दीड कोटीच्या आतली खानावळ कंपोझिशनमध्ये गेली तर तिलाही पाचच टक्के लागतात आणि भाड्यावरचे ४,५०० सुटतात. मात्र ते पाच टक्के ग्राहकाकडून वेगळे मागता येत नाहीत, आपल्या दरातून द्यावे लागतात. थाळीचा दर वाढवायचा की मालकाला कमी भाड्याला राजी करायचं, हे ज्याने त्याने आपल्या गल्ल्याकडे बघून ठरवावं.

(ऑक्टोबर २०२४ ते जानेवारी २०२५ या तीन महिन्यांत कंपोझिशनवाल्यांवरही हा कर लागला होता. मग सरकारने जाहीर केलं, की ज्याने भरला त्याने भरला, नाही भरला त्याने नाही भरला, तसंच ठेवू. वेळेवर भरणाऱ्यांच्या मनात तेव्हा काय आलं असेल ते या सदरात छापण्यासारखं नाही.)

पुन्हा हार्डवेअरच्या मार्चएंडकडे. एप्रिलचं भाडं ५ मेला गेलं, तो कर मेचा, देय २० जूनला. तिथपासून फेब्रुवारीचं भाडं ५ मार्चला गेलं तोपर्यंत अकरा पेमेंट झाली. अकरा वेळा ४,५००, म्हणजे ४९,५००. शेठने सगळं २० एप्रिल २०२६ ला, मार्चच्या 3B बरोबर भरलं. व्याज वार्षिक १८ टक्के, म्हणजे ४,५०० वर महिन्याला साडेसदुसष्ट रुपये. पहिलं पेमेंट दहा महिने उशिरा, दुसरं नऊ, असं करत शेवटचं वेळेवर. एकूण पंचावन्न महिने, व्याज सुमारे ३,७००.

"४९,५०० गेले ना?" शेठने विचारलं.

"ते क्रेडिटमध्ये परत येतात."

"मग सरकारला मिळालं काय?"

"तीन हजार सातशे."

तात्या खोटं बोलत नाहीत. क्रेडिट घेणाऱ्या दुकानाच्या बाबतीत सरकारला या करातून कायमचा एक पैसाही मिळत नाही. एका हाताने घेतं, दुसऱ्या हाताने देतं. वसूल होतं ते फक्त विसरण्याचं. ज्याने तारीख पाळली त्याच्याकडून शून्य, ज्याने चुकवली त्याच्याकडून १८ टक्के. वर पुन्हा सेल्फ-इन्व्हॉइस उशिरा फाडल्याबद्दल दंडाची तलवार वेगळी लटकत असतेच.

क्रेडिट परत येतं का, हा प्रश्न मात्र जून २०२४ पर्यंत खरोखरच टांगणीला होता. जुनं वर्ष उलटून गेल्यावर उशिराने कर भरला तर क्रेडिटची मुदत संपली, असं अधिकारी म्हणत. २६ जून २०२४ च्या परिपत्रकाने ते मिटवलं: नोंदणी नसलेल्याकडून घेतलेल्या सेवेत, घेणाऱ्याने स्वतः बिल ज्या वर्षी फाडलं ते वर्ष धरायचं आणि त्या वर्षानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत क्रेडिट घेता येतं. अट एवढीच, की कर व्याजासह भरलेला हवा. म्हणून मागची राहिलेली बिलं फाडताना जुन्या तारखा घालू नका. आजची तारीख घाला, कोणत्या महिन्याचं भाडं ते आत लिहा, व्याज मूळ देय तारखेपासून मोजा. मागची तारीख घालून कुणी चलाखी दाखवत असेल तर तो स्वतःच्याच क्रेडिटची मुदत आखडून घेतोय, हे त्याला कुणीतरी सांगावं.

सेल्फ-इन्व्हॉइस म्हणजे काही साधी पावती नव्हे. त्याची स्वतंत्र क्रमांकमालिका हवी, आईचं नाव-पत्ता हवा, सेवेचा सहाआकडी कोड ९९७२१२ हवा, भाड्याची रक्कम, कराचा दर आणि रक्कम, आणि कर रिव्हर्स चार्जने देय आहे हा शेरा. खाली सही मुलाची. पैसे देताना वर पेमेंट व्हाउचर. GSTR-1 च्या कागदपत्रांच्या तक्त्यात या बिलांचे क्रमांकही टाकायचे. बिल फाडणारा मुलगा, घेणारा मुलगा, सही मुलाची, क्रेडिट मुलाला. आई फक्त पत्त्यापुरती.

ऑगस्ट २०२४ पासून पोर्टलवर आरसीएमचं वेगळं विवरणपत्र आलं आहे. तुम्ही 3.1(d) मध्ये किती देय लिहिला आणि 4(A)(3) मध्ये किती क्रेडिट घेतलं, याचा चालता हिशेब ते ठेवतं. देय न लिहिता क्रेडिट घेतलं की शिल्लक उणे होते आणि पोर्टल ओरडतं. उलट बाजूचं मात्र ते मुकं आहे. देय लिहिला आणि क्रेडिट घ्यायचं विसरलात, तर कुणी आठवण करून देत नाही. आणि दोन्ही लिहिलं नाही, तरी कुणी नाही. आपल्या शेठचं तेच झालं होतं.

आता तपासणीच्या टेबलावर एक शेवटचा पेच उभा राहतो, तो आधीच मिटवून ठेवलेला बरा. आपल्या दुकानाच्या २०२५-२६ च्या नफातोटा पत्रकात बारा भाडी आहेत, तीन लाख. जीएसटीत कर मात्र अकरा पेमेंटचा, २,७५,००० वर. मार्चचं भाडं ३१ मार्चला खर्चात पडलं, पण पैसे आणि बिल ५ एप्रिलचं, म्हणून त्याचा कर एप्रिल २०२६ चा. पंचवीस हजारांचा फरक दिसणार आणि नोटीस येणार. फाईलमध्ये एक अर्धं पान ठेवा: मार्चचं भाडं, सेल्फ-इन्व्हॉइसचा क्रमांक, ५ एप्रिलची तारीख, २० मेला भरलेल्या चलनाचा नंबर. हे अर्धं पान आज लिहायला पाच मिनिटं लागतात. दोन वर्षांनी नोटीस हातात घेऊन लिहायला बसलात तर तोवर तात्या निवृत्त झालेले असतात.

शेठ, मी ऐकलं, आता दुसरा विचार करतायत. गाळा स्वतःच्याच नावावर करून घ्यावा, म्हणजे भाडं नाही, कर नाही. आईने म्हणे विचारलं, "मग मला दरमहा पंचवीस हजार कोण देणार?"